डब्याबद्दल पालकांना पत्र लिहायचंय, पण कुणाला टोचू नये. मसुदा बघाल का?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी पहिली-दुसरीला शिकवते. आमची शाळा खाजगी विनाअनुदानित, सकाळी साडेसातची. साडेनऊला वीस मिनिटांची सुट्टी असते, त्यात डबा. शाळेत जेवण मिळत नाही, सगळे घरून आणतात.

मुख्याध्यापिकाबाईंनी पौष्टिक डब्याबद्दल पालकांना पत्र काढायचं ठरवलंय आणि मसुदा माझ्याकडे आलाय. मागच्या वर्षीही असं एक पत्र गेलं होतं (मी तेव्हा या शाळेत नव्हते). त्यावरून पालकांच्या ग्रुपवर मोठा धुरळा उडाला होता म्हणे. दोन आयांनी तर बाईंना भेटून "आम्ही मुलांना उपाशी ठेवतो असं तुम्हाला म्हणायचंय का?" असं विचारलं. ते जुनं पत्र खाली देते, म्हणजे कुठे काय टोचलं ते तुम्हालाही कळेल:

"सर्व पालकांस कळविण्यात येते की, बरेच पालक पाल्याच्या डब्यात नूडल्स, चिप्स, बिस्किटे, जॅम-ब्रेड असे निकृष्ट पदार्थ देत असल्याचे निदर्शनास आले आहे. पालकांनी मुलांच्या आरोग्याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे. यापुढे सोबतच्या वेळापत्रकाप्रमाणेच घरचा ताजा व सकस डबा द्यावा. अन्यथा डबा परत पाठविण्यात येईल. खालील भागावर सही करून परत पाठवावे."

वेळापत्रक असं: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी इडली-चटणी, बुधवारी मोड आलेली उसळ, गुरुवारी पराठा-दही, शुक्रवारी पोहे किंवा उपमा, शनिवारी फळं.

आशय मला चुकीचा वाटत नाही, पण असं पत्र माझ्या सहीने जाऊ नये एवढं नक्की. कुठून सुरुवात करू?

गवतीचहा

छान धागा! माझ्या लेकीला भाजी अजिबात आवडत नाही. सकाळी पटकन होणारे पाच-सहा प्रकार सांगा ना कुणीतरी. बीटाचे पराठे करून झाले, रंग बघूनच नको म्हणते.

खडूफळा

@गवतीचहा, ताई, पाककृतींचे धागे वर बरेच आहेत. इथे पत्राच्या भाषेचं बोलू या का?

स्पष्टवक्ता

मला जुन्या पत्रात काही वावगं दिसत नाही. सत्य बोललं की झोंबतंच. आणि कायदाच आहे हो, फूड सेफ्टीवाल्यांनी २०२० साली नियम काढलाय, शाळेत चिप्स, कोल्ड्रिंक बंद. त्याचा हवाला द्या पत्रात, कुणी चकार शब्द काढणार नाही. शिवाय लिहा की मैदा आतड्याला चिकटतो, आणि साखरेऐवजी गूळ वापरा. लोकांना कारण कळलं की ऐकतात.

आहारवही

आहारतज्ज्ञ म्हणून लिहिते. शाळांबरोबर थोडंफार काम केलंय.

@स्पष्टवक्ता, नियम आहे हे तुमचं बरोबर, पण तो डब्याला लागू नाही. २०२० चा तो नियम शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत काय विकता येईल, वाटता येईल, कशाची जाहिरात करता येईल, याबद्दल आहे. जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ तिथे विकायचे नाहीत. आईने घरून काय बांधून द्यायचं यावर त्यात काहीही नाही. एखाद्या वकील पालकाने हे दाखवून दिलं तर शाळेचीच पंचाईत होईल.

मैदा आतड्याला चिकटत वगैरे नाही, तोही पचतोच. त्यात चोथा फार कमी असतो, पोट लवकर रिकामं होतं, आणि मैद्याच्या पदार्थांत बरेचदा तूप-साखर-मीठ भरपूर असतं, अडचण ती आहे. आणि गूळ म्हणजे साखरच. नावाला थोडी खनिजं असतात, पण मुलं खातात तेवढ्या गुळातून ती मिळत नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात वरून घातलेली गोडी पंचवीस ग्रॅमच्या आत हवी, म्हणजे जेमतेम पाच-सहा चमचे. त्यात गूळ, मध, सरबत सगळं आलं. तेव्हा पत्रात "साखर नको, गूळ द्या" असं घातलंत, तर गुळाचे लाडू देणारं घर शहाणं आणि बिस्किटं देणारं घर अडाणी असा निवाडा होतो, आणि तोही चुकीच्या आधारावर.

@खडूफळा, लिहायला बसण्याआधी एक सुचवू? पुढचे काही दिवस डब्यात काय आलं हे बघूच नका. काय उरून परत गेलं, एवढंच बघा. नावं लिहायची नाहीत, फक्त पदार्थ आणि कारण.

रात्रपाळी

जुन्या पत्रात "निकृष्ट पदार्थ" लिहिलंय ते मीच देतो, म्हणून बोलतो.

मी आणि बायको दोघंही पाळीत काम करतो. ज्या आठवड्यात माझी रात्रपाळी आणि तिची पहिली पाळी असते, त्या आठवड्यात ती पावणेसहाला घराबाहेर पडते आणि मी सव्वासातला गेटवर पोचतो. मधल्या वेळात मुलाला शेजारच्या काकू तयार करतात. त्यांच्यावर डब्याचंही ओझं टाकणं बरं दिसत नाही. मग बिस्किटाचा पुडा किंवा ब्रेड-जॅम. बाकीच्या आठवड्यांत पोळी-भाजी असते, पण ते कोण बघतं?

असं पत्र वाचल्यावर माणूस सुधारत नाही, शरमतो. मागे एका बाईंनी वर्गात माझ्या मुलाला "आज पण बिस्किटं?" असं विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तो पुडा दप्तरातच ठेवायला लागला, खाल्लाच नाही. मला ते आठवड्याने कळलं, दप्तरात मुंग्या झाल्या तेव्हा.

आणि ते वेळापत्रक! मंगळवारी इडली म्हणजे सोमवारी रात्री पीठ तयार हवं. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या घरी सकाळी ओट्याशी उभं राहायला कुणीतरी मोकळं असणार.

बाकावरून

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, अशी पत्रं आयुष्यभर काढली. @रात्रपाळी यांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. पत्रात "बरेच पालक" असं लिहिलं की ज्यांना ते लागू नाही त्यांना वाटतं आपल्यालाच उद्देशून आहे, आणि ज्यांना लागू आहे त्यांना वाटतं सगळ्या वर्गाला आपल्याबद्दल कळलं.

काही गोष्टी अनुभवाने सांगतो. एक, पत्र कधी जातं याला फार महत्त्व आहे. वर्गात एखादा प्रसंग घडल्यावर दुसऱ्या दिवशी डब्याचं पत्र गेलं, तर ते कितीही गोड भाषेत असो, सगळ्यांना ठाऊक असतं कुणासाठी काढलं. जूनमध्ये, वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर जाऊ द्या. दुसरं, सहीची पट्टी काढून टाका. सही मागितली की ते हमीपत्र होतं. फार तर "पत्र मिळालं" एवढंच वर्गशिक्षिकेने वहीत नोंदवावं. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचंच असेल तर त्या दिवशी उत्तरं बंद ठेवा. धुरळा पत्रामुळे कमी आणि खाली आलेल्या "आमच्याकडे तर रोज नाचणीची भाकरी असते" छापाच्या उत्तरांमुळे जास्त उडतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आधी शाळेने स्वतःकडे बघावं. वाढदिवसाला चॉकलेटं वाटतात ना? स्पर्धेत बक्षीस म्हणून काय देता? फाटकाबाहेरच्या टपरीवर काय मिळतं? पालकांकडून अपेक्षा लिहिण्याआधी "शाळा काय करणार" हे वर असलं पाहिजे.

मु_पो_शाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याकडे डब्याचा प्रश्नच नाही, पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ, पन्नास ग्रॅम भाजी. सगळ्यांच्या ताटात सारखंच, त्यामुळे कुणाचं काय ही भानगड नाही. पण सकाळी येताना पोरं पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं घेऊन येतात आणि मग खिचडी टाकून देतात. त्याचं पत्र काढलं तर अर्ध्या पालकांना वाचून दाखवावं लागेल. तुमच्याकडे सगळे पालक मराठी वाचतात का?

खडूफळा

@मु_पो_शाळा, चांगला प्रश्न. नाही. सात-आठ घरांत हिंदी किंवा कन्नड चालतं, आणि दोन मुलांना आजी सोडायला येते, तिला वाचता येत नाही. पत्राबरोबर मिनिटभराचा आवाजी निरोप पाठवायचं डोक्यात आलंय. बोलायला लागलं की "निदर्शनास आले आहे" वगैरे तोंडातून निघतच नाही, त्यामुळे मसुदा आधी बोलून मगच लिहावा असं वाटतंय.

@आहारवही, तुम्ही सांगितलंत तसं करते. शनिवारनंतर लिहीन.

अनघड

एक विनंती. माझा मुलगा दुसरीत आहे, त्याला चव आणि स्पर्शाचा फार त्रास होतो, थेरपी चालू आहे. सध्या तो चारच पदार्थ खातो, त्यातला एक साधा कोरडा टोस्ट. थेरपिस्टनेच सांगितलंय की शाळेत सुरक्षित वाटणारा पदार्थच द्या, नवे प्रयोग घरी करा. "डब्यात रोज भाजी हवीच" असं पत्र आलं तर मला जाऊन सगळं सांगावं लागतं, आणि दर वर्षी नव्या बाईंना. प्रत्येक नियमापुढे अपवाद लिहा असं मी म्हणत नाही. पण "तुमच्या मुलाची वेगळी गरज असेल तर कारण सांगायची गरज नाही" असं काहीतरी घालता येईल का?

आहारवही

@अनघड, नक्की घालायला हवं. फक्त थोडं बदलून. ॲलर्जी किंवा औषध असेल तर शाळेला माहीत असलंच पाहिजे. बाकी आवडीनिवडी, उपास, थेरपी, घरची अडचण यांचं कारण द्यायची गरज नाही. हे दोन वेगळे ठेवले की वाक्य जमेल.

चांदणी

ॲलर्जीचा विषय निघालाच आहे तर... माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, बऱ्यापैकी तीव्र. ओठ सुजतात, एकदा श्वासाला त्रास होऊन रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं. शाळेने "शेंगदाणे आणू नयेत" असा नियम करावा असं मला मनापासून वाटतं, पण आपल्याकडे कूट कशात नसतं? साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, वांग्याची भाजी, चटणी. नियम केला तर सगळा वर्ग माझ्या मुलीवर चिडेल ही भीतीही आहे.

स्पष्टवक्ता

मग सरळ बंदीच घाला शेंगदाण्यावर. जिवाचा प्रश्न आहे. परदेशात शाळांमध्ये असतेच बंदी.

आहारवही

काही शाळांमध्ये असते, पण बंदी कागदावर राहिली तर जास्त धोका. सगळे समजतात वर्गात दाणे नाहीतच, आणि मग कुणी सावध राहत नाही. आपल्या घरांत कूट सवयीने पडतं, घालणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

मी एका शाळेत केलेली व्यवस्था सांगते. डबा एकमेकांचा खायचा नाही, हा पूर्ण वर्गाचा नियम. खाण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने दाण्याचा अंश नीट जात नाही. त्या मुलीच्या बाकावर बसणाऱ्या दोन-तीन मुलांच्या घरी, तिच्या पालकांच्या परवानगीने, वेगळं बोलून दाणे टाळायची विनंती केली. शिक्षिकेकडे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद होता: काय दिसलं तर काय करायचं, औषध कुठे, फोन कुणाला. सगळ्यांना गेलेल्या पत्रात मुलीचं नाव नव्हतं, एवढंच होतं की वर्गात काही मुलांना ॲलर्जी आहे म्हणून डबा वाटून खात नाही. @चांदणी, पण तुमच्या मुलीच्या डॉक्टरांनी पूर्ण बंदी हवी असं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही.

चांदणी

डॉक्टरांनी कागद दिलाय, शाळेत पोचवलाय. बाकाचं सुचलं नव्हतं. विचारते.

बाकावरून

वाटून खाणं बंद करायचं म्हणजे जिवावर येतं हो. एकत्र बसून अंगतपंगत हीच तर डब्याची मजा. पण कारण खरं आहे.

खडूफळा

आठवडा संपला. परत गेलेल्या डब्यांची नोंद केली आणि जे दिसलं त्याची मला अजिबात कल्पना नव्हती.

सर्वांत जास्त उरलं ते पोळी-भाजीचं! पौष्टिक, घरचं, ताजं, आणि परत. कारण विचारलं तर मुलं "तुटत नाही" म्हणाली. अख्खी पोळी डब्याच्या मापाची घडी घालून दिलेली असते आणि सहा वर्षांच्या मुलाला ती एका हाताने तोडून भाजीशी लावता येत नाही, तीही वाफेत चिवट झालेली. ज्यांच्या पोळीचे घरीच तुकडे केलेले किंवा भाजी आत घालून गुंडाळी केलेली, त्यांचे डबे बहुतेक रिकामे.

दुसरं, झाकण. चार बाजूंनी खटके लावायचे ते प्लास्टिकचे डबे आणि घट्ट स्टीलचे. रोज काही मुलं माझ्यापुढे रांगेत उभी असतात डबा उघडून घ्यायला, आणि वीसातली सहा-सात मिनिटं तिथेच जातात. आधी हात धुवायची रांग असतेच. म्हणजे खायला दहाच मिनिटं राहतात.

तिसरं, चिरलेलं सफरचंद. काळं पडलं की मुलं "खराब झालंय" म्हणून टाकतात. केळी, चिकू, सोललेली मोसंबी-संत्री संपतात.

बिस्किटं संपतात, हे खरं. पण अकराच्या सुमारास तीच मुलं "भूक लागली" म्हणतात. आणि ज्यांची पोळी उरली तीही तेच म्हणतात! दोन्ही बाकांवर सारखीच जांभई.

आहारवही

हेच बघायचं होतं. आता तुमच्या पत्राचा पायाच बदलतो बघा. "पालक काय देतात" हा विषय राहिला नाही, "दहा मिनिटांत लहान हातांनी काय खाऊन होतं" हा झाला. यात कुणाला दोष नाही आणि उसळ देणारं घर अन् बिस्किटं देणारं घर एकाच पत्राचे वाचक झाले.

चिवट पोळीचं सांगते. गरम असतानाच झाकण लावलं की वाफ आत कोंडते, पाणी सुटतं, पोळी ओली होऊन चामड्यासारखी होते. शिवाय डबा बराच वेळ कोमट राहतो आणि अन्न खराब करणाऱ्या जंतूंना तेच तापमान मानवतं. म्हणून वाफ जाऊ द्यावी, मग झाकण. साडेसहाला भरलेला डबा साडेनऊला खाल्ला तर चिंता नाही. पण उरलेला भात किंवा पनीर एक-दीडला घरी पोचल्यावर उन्हाळ्यात कुणाला खायला देऊ नये. आंबूस वास, तार सुटणं ही उशिराची लक्षणं, भात तर वास न येताही बाधतो. हे पत्रात एका ओळीत घाला, ही माहिती आहे, उपदेश नाही.

काय द्यावं याचा तक्ता मात्र नको. त्याऐवजी "जे देता त्यात एक भर". बिस्किटं असतील तर सोबत केळं आणि मूठभर फुटाणे. नूडल्स असतील तर त्यात मटार, गाजर किंवा अंडं. ब्रेड असेल तर जॅमच्या जागी कधी उकडलेला बटाटा, कधी चटणी. पोट अकरापर्यंत टिकवतात ते डाळी, दाणे, दही, अंडं असले पदार्थ, आणि चोथा. म्हणजे रोज नवा पदार्थ नाही, आहे त्याच्या शेजारी एक गोष्ट. हेच पत्र बालवाडीलाही जाणार असेल तर पाचाच्या आतल्यांना अख्खे फुटाणे-दाणे देऊ नयेत आणि द्राक्षं उभी चिरून द्यावीत, घशात अडकतात.

रात्रपाळी

केळं आणि फुटाणे शेजारच्या काकूंनाही जमेल. आधी कुणी असं सांगितलंच नाही, "बिस्किट नको" एवढंच सांगायचे.

स्पष्टवक्ता

म्हणजे आता चिप्सही चालवून घ्यायचे? उद्या रोज चिप्सच येतील. काहीतरी लक्ष्मणरेषा हवी.

बाकावरून

रेषा हवी, पण ती मुलाच्या डब्यापाशी आखू नये. एखाद्या घरातून महिनाभर रोज पाकीटच येत असेल तर बाईंनी पालकसभेत किंवा फोनवर एकट्याशी बोलावं, आणि पहिलं वाक्य "घरी सगळं ठीक ना? सकाळी धावपळ होते का?" असं असावं. डबा परत पाठवणं म्हणजे मुलाला उपाशी ठेवणं. मोठ्यांच्या निर्णयाची शिक्षा पोराला.

स्पष्टवक्ता

परत पाठवू नये हे मान्य. पण चिप्सबद्दल पत्रात चकार शब्द नाही हे पटत नाही.

खडूफळा

स्पष्टवक्ता, तुमच्यासाठी एक ओळ घातलीय, बघा पटते का. मसुदा:

*प्रिय पालक,*

*नव्या वर्षात मुलांच्या डब्याच्या सुट्टीबद्दल थोडं सांगायचं आहे. ही सुट्टी वीस मिनिटांची. हात धुऊन, डबा उघडून मुलं खायला बसतात तेव्हा दहा-बारा मिनिटं उरतात. डबे उरून परत येतात त्याचं कारण बहुतेक वेळा पदार्थ नसतो. झाकण उघडत नाही, पोळी तुटत नाही किंवा वेळ पुरत नाही, असं आम्हाला दिसलं.*

*म्हणून शाळेकडून या गोष्टी करत आहोत: हात धुण्यासाठी पाच मिनिटं आधी सोडू. डबे उघडून द्यायला मावशी वर्गात असतील. बक्षीस म्हणून चॉकलेटं देणं आम्ही थांबवलं आहे. कुणाच्या डब्यात काय आहे यावर वर्गात कुणीही, शिक्षकसुद्धा, शेरा मारणार नाही. कुठल्याही कारणाने डबा परत पाठवला जाणार नाही.*

*आपल्याकडून मदत हवी ती अशी. मुलाला स्वतः उघडता येईल असा डबा द्यावा. एकदा घरी उघडायला लावून बघावं. पोळी-पराठ्याचे तुकडे करून किंवा गुंडाळी करून दिली तर पटकन संपते. वाफ गेल्यावर झाकण लावावं. दहा मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. दुपारी उरून आलेला भात, दही, पनीर उन्हाळ्यात पुन्हा खायला देऊ नये.*

*डब्यात काय द्यायचं हे प्रत्येक घराची सवय, वेळ आणि सोय यावर ठरतं, आणि ते तुम्हीच ठरवणार. एवढंच सुचवतो की जे देता त्याच्या शेजारी एक फळ, किंवा डाळ-उसळ-दही-फुटाणे यांपैकी काही असेल तर मुलांना शाळा सुटेपर्यंत भूक लागत नाही. फक्त पाकिटातलं खाऊन आलेल्या मुलांना अकरा वाजता पुन्हा भूक लागलेली असते. ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी पाकिटाबरोबर एक केळंही पुरे.*

*एक नियम मात्र सगळ्यांसाठी आहे: मुलांनी एकमेकांच्या डब्यातलं खायचं नाही. काही मुलांना ॲलर्जी असते आणि त्यांच्यासाठी एक घासही धोक्याचा ठरू शकतो. आपल्या मुलाला ॲलर्जी किंवा औषध चालू असेल तर आम्हाला जरूर सांगा. बाकी कुठल्याही कारणाने डबा वेगळा असेल तर कारण सांगण्याची गरज नाही. काही बोलायचं असेल तर शाळा सुटल्यावर मी वर्गात असते.*

*वर्गशिक्षिका*

अनघड

"कारण सांगण्याची गरज नाही" ही ओळ वाचून बरं वाटलं. पत्र जाईल तेव्हा तसंच राहू दे ही विनंती.

रात्रपाळी

मला एकच खटकलं. "घाई असेल त्या दिवशी पाकिटाबरोबर". आमच्याकडे ती घाई पाळीप्रमाणे ठरलेली असते, कधीतरीची नाही. "घाई असेल तेव्हा" केलंत तर?

खडूफळा

@रात्रपाळी, केलं.

स्पष्टवक्ता

अकरा वाजताची भूक... ठीक आहे. मी अजून कडक लिहिलं असतं. पण यावर भांडण करायला कुणाला जागा नाही हे मान्य.

मु_पो_शाळा

"शाळेकडून या गोष्टी करत आहोत" हा भाग उचलू का? आमच्याकडे टपरीवाल्याशी बोलायचं काम ग्रामपंचायतीमार्फत करावं लागेल. पन्नास मीटरचा नियम माहीत नव्हता, मोजून बघतो. टपरी बहुतेक आतच येते.

खडूफळा

उचला की! कळवा काय झालं ते.

आता दोन गोष्टी अडल्यात. बाईंनी मसुदा वाचला, आवडला, पण "डबा शाकाहारी असावा" अशी ओळ घाला म्हणाल्या. आतापर्यंत तसा लेखी नियम नव्हता, पण कुणी अंडं आणलं की शेजारची मुलं उठून दुसरीकडे बसतात आणि घरी जाऊन सांगतात. दुसरं म्हणजे वाढदिवस. चॉकलेटं वाटणं बंद करायचं का, यावर शिक्षकांतच दोन तट आहेत.

आहारवही

माझं मत सांगते. ज्या घरांत अंडं हेच सर्वांत स्वस्त आणि झटपट प्रथिन आहे, त्यांना ती ओळ लागणारच. पत्राचा सगळा सूर "तुम्हीच ठरवा" असा आहे आणि शेवटी ही ओळ आली तर सूर तुटतो. वर मी नूडल्समध्ये अंडं सुचवलं होतं, ते तुम्ही पत्रात घेतलं नाहीत, मुद्दाम का?

खडूफळा

हो, मुद्दाम. घेतलं असतं तर एका बाजूने टोचलं असतं, आणि शाकाहारीची ओळ घातली तर दुसऱ्या बाजूने.

बाकावरून

पत्रात दोन्ही नको. शाळेला तसा नियम करायचाच असेल तर तो प्रवेशाच्या वेळी, उघडपणे, पालक-शिक्षक संघात चर्चा होऊन व्हावा. आरोग्याच्या पत्राच्या आडून नको. आमच्या वेळी यावर दोन सभा वादळी झाल्या आणि तिसरीला कुणी आलंच नाही. तो नियम शेवटपर्यंत झाला नाही.

चांदणी

वाढदिवसाचं सांगू? चॉकलेटांत दाण्याचा अंश असू शकतो म्हणून माझी मुलगी दर वेळी घरी नेऊन मला दाखवते. पेन्सिल वाटली तर तिलाही सगळ्यांबरोबर लगेच घेता येईल. पण पेन्सिलीही कुणी साध्या देतं, कुणी महागाच्या, हे आहेच.

खडूफळा

अंड्याचं पालक-शिक्षक संघाच्या जुलैच्या सभेत ठेवा असं बाईंना सुचवलंय. त्या "बघू" म्हणाल्यात. पत्र त्या ओळीशिवाय छपाईला गेलं, वाढदिवसाचं त्यात काही नाही. आवाजी निरोपाचं हिंदी मी केलं, कन्नडसाठी तिसरीतल्या एका मुलाच्या आईला विचारलंय.

गवतीचहा

अहो, पोळीची गुंडाळी करून दिली आज, आत भाजी. डबा रिकामा आला! बीटाचीच होती.